घाम पुसला आणि खेळ थांबला

चौथ्या मिनिटाला मी फाउलची शिट्टी मारली आणि निम्मं मैदान थांबलं. निम्मंच! ज्यांची तोंडं माझ्याकडे होती त्यांनी माझे फुगलेले गाल पाहिले आणि पाय रोखले. ज्यांची पाठ होती त्यांच्या लेखी खेळ चालूच होता. लेफ्ट बॅक बॉल घेऊन निघाला, समोरचा सात नंबर त्याच्यावर तुटून पडला, दोघं घसरत चुन्याच्या रेघेबाहेर गेले, आणि मी आपला शिट्टीवर शिट्टी फुंकत उभा. अठरा वर्षं कोल्हापुरात पंचगिरी करतोय मी. दोन पेठा समोरासमोर आल्या की गॅलरीतून जो गलका उठतो, त्यातूनही माझी शिट्टी पलीकडच्या गोलपोस्टापर्यंत पोचते, याचा मला कोण अभिमान! त्या सकाळी तिची किंमत तोंडात धरलेल्या काडीइतकी होती.

दोन्ही संघ कर्णबधिर होते. आणि हे मला माहीत होतं, बरं का! सामन्याआधी सगळं समजावून सांगितलं होतं, डाव्या हातात पिवळाधमक झेंडाही दिला होता. शिट्टीबरोबर झेंडा वर, एवढंच करायचं होतं. पण अठरा वर्षांची सवय ओठांना होती, हाताला नव्हती. झेंडा वर जायला दीडेक सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात ते दोघं एकमेकांवर आदळलेसुद्धा.

तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. घरात आता माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही ऐका.

झालं असं, की मित्रत्वाचा सामना होता, एक संघ आमच्या गावातला, दुसरा सांगलीकडचा. ठरलेला पंच आजारी पडला म्हणून आदल्या रात्री मला फोन आला. फोन करणाऱ्या बाई कर्णबधिर मुलांना शिकवतात आणि अशा वेळी दुभाषी म्हणूनही उभ्या राहतात. मी म्हटलं, फुटबॉलचे नियम तेच ना? त्या म्हणाल्या, ‘‘नियम तेच आहेत सर. फक्त तुम्ही दिसायला पाहिजे.’’ मला वाटलं, मी काय लहान दिसतो?

सकाळी मैदानावर पहिलं आश्चर्य. टॉसच्या आधी पोरं एकेक करून कानामागची यंत्रं काढून बाईंच्या डब्यात ठेवत होती. अगदी घरातून निघताना दागिने काढून ठेवावेत तशी, रुमालात गुंडाळून. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियमच तसा आहे. चांगल्या कानातही सरासरी किमान ५५ डेसिबलची घट असेल तरच खेळाडू पात्र, आणि एकदा मैदानात उतरलं की श्रवणयंत्र नाही, कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भागही नाही. कुणाला यंत्रामुळे जास्त ऐकू यायचं आणि कुणाला काहीच नाही, असं होऊ नये म्हणून. शिवाय हेडिंग करताना कानावर प्लास्टिकचा तुकडा असणं धोक्याचंच. आमच्या मित्रत्वाच्या सामन्यातही पोरांनी हा नियम पाळला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मी बाईंना विचारलं, पण काहींना थोडं तरी येत असेल ना ऐकायला? मग शिट्टी तरी? त्या म्हणाल्या, उलट शिट्टीच येत नाही. तिचा आवाज बारीक, उंच पट्टीतला, आणि बऱ्याच जणांचं ऐकणं त्याच पट्टीत सगळ्यात जास्त गेलेलं असतं. ढोल-ताशा वाजला तर यातल्या काहींना छातीत जाणवेल, कदाचित कानातही. शिट्टी नाही. म्हणजे आम्ही पंचांनी शे-सव्वाशे वर्षं जे हत्यार जपलं, ते नेमकं यांच्यासाठी सगळ्यात बोथट.

आता चौथ्या मिनिटानंतर काय झालं ते सांगतो. बाई मध्यंतरापर्यंत थांबल्याच नाहीत, खेळ थांबला तसं मी त्यांना खूण करून आत बोलावलं. (खेळ चालू असताना दुभाषी रेघेबाहेर. पंचाने बोलावलं तरच आत.) दोन्ही कर्णधार आले आणि आम्ही उभ्याउभ्या पुन्हा ठरवलं: माझा झेंडा वर गेला की दोन्ही लाइनमननीही त्याच क्षणी आपापले झेंडे वर करायचे. ऑफसाइड असो नसो, फाउल त्यांच्या बाजूचा असो नसो. कारण मैदानावर कुणाचं तोंड कुठेही असो, तीन झेंड्यांपैकी एक तरी त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतोच. आणि ज्या खेळाडूला झेंडा दिसेल त्याने स्वतःचा हात उंच धरून थांबायचं. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही, पोरं ते करतच होती. पुढच्या फाउलला मी पाहिलं. झेंडा वर गेला, जवळच्या चौघांचे हात वर गेले, त्यांना पाहून पलीकडच्या तिघांचे, आणि वाऱ्याने ऊस झुकत जावा तसा खेळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शांत होत गेला. दोन सेकंद! मी घड्याळ लावलं नव्हतं, पण दोनच असतील.

ते दोन सेकंद मात्र पंचाने हिशेबात धरायचे असतात. त्या सात नंबरला मी कार्ड द्यायचं का? नेहमीच्या सामन्यात शिट्टीनंतर कुणी असा घुसला असता तर मी पिवळं कार्ड काढतच धावलो असतो. इथे प्रश्न एकच: त्याने पाहिलं होतं का? त्याची पाठ माझ्याकडे होती, त्याच्या बाजूच्या लाइनमनचा झेंडा खाली होता. त्याने पाहिलेलं असूच शकत नव्हतं. कार्ड नाही. फ्री किक मूळ फाउलचीच. पण विसाव्या मिनिटाला सांगलीच्या एका खेळाडूने फाउल झाल्यावर बॉल दूर लाथाडला, तेव्हा त्याचं तोंड सरळ माझ्या झेंड्याकडे होतं. त्याला पिवळं. त्याने कसलाही वाद घातला नाही, डोळे मिचकावले फक्त. पकडलंत!

आणि मग तो घाम. उन्हं चढली होती, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, मी धावताधावता डाव्या मनगटाने पुसला. डाव्या. झेंड्याच्या हाताने. बावीसच्या बावीस खेळाडू थांबले. गोलच्या दिशेने एकटा निघालेला आमचा विंगरसुद्धा थांबला, बॉलवर पाय ठेवून माझ्याकडे बघत, की काय झालं सर? काय सांगू, घाम आला होता बाबा! नियमानुसार ड्रॉप बॉल दिला, ज्यांच्याकडे बॉल होता त्यांनाच, बाकीच्यांना चार मीटर लांब करून. पण विंगरची धाव गेली ती गेली. गोली आणि दोन बॅक तोवर जागेवर परतले होते. त्यानंतर तासभर मी झेंडा गुंडाळून, खाली जमिनीकडे रोखून, मांडीला चिकटवून धावलो. ज्या मैदानावर माझ्या तोंडाला कुणी विचारत नव्हतं, तिथे माझं प्रत्येक अंग ओरडत होतं.

मध्यंतराला मी पाणी प्यायचं सोडून आमच्या कर्णधाराशेजारी बसलो. सहा नंबर, सेंटर बॅक. मध्ये बाई. मी विचारलं, तुम्ही बोलता कधी? कारण मला वाटलं होतं, ही पोरं धावताना सतत हातवारे करत असतील. तसं काहीच दिसलं नव्हतं. तो हसला. म्हणाला, खेळ चालू असताना आम्ही जवळजवळ बोलतच नाही. बॉल ज्याच्या पायात आहे तो खाली बघतोय, त्याला कोण काय सांगणार? बोलणं सगळं बॉल बाहेर गेल्यावर. थ्रो, कॉर्नर, गोलकिक, फ्री किक. त्या दहा-पंधरा सेकंदांत सगळे आधी मान वळवून एकमेकांकडे बघतात, मगच जागा घेतात. दुसऱ्या हाफमध्ये मी मुद्दाम पाहिलं, आणि खरंच, थ्रो मिळाला की आपल्याकडची पोरं बॉलकडे धावतात, ही आधी एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघतात.

मग मी माझा हुकमी प्रश्न टाकला. आपल्याकडे मैदानावर सगळ्यात जास्त ओरडला जाणारा शब्द कोणता? ‘‘मॅन हाय!’’ पास घेणाऱ्याच्या पाठीमागून प्रतिस्पर्धी येतोय, हे त्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने ओरडायचं. तुम्ही काय करता? तर त्याने बाटली खाली ठेवली, उठला, दोन चपला जमिनीवर मांडल्या आणि दाखवायला लागला. आणि इथे, वाचकहो, माझं अठरा वर्षांचं फुटबॉल उलटंपालटं झालं.

तो म्हणाला, पासच बोलतो. पाठीवर माणूस नसेल, वळायला जागा असेल, तर मी पास त्याच्या लांबच्या पायावर देतो, थोडा हळू. बॉल त्या पायाकडे येताना बघितला की त्याचं शरीर आपोआप उघडतं, त्याला कळतं, वळायचंय. माणूस उजवीकडून चिकटलेला असेल, तर मी त्याच्या डाव्या पायावर देतो, जोरात. जोरात आलेला जवळच्या पायावरचा पास म्हणजे ‘‘मॅन हाय, लगेच परत दे.’’ बॉल निघतानाच मी हाताचा पंजाही दाखवतो, पण तो दिसला नाही तरी चालतं, कारण बॉलकडे तर तो बघणारच. म्हणजे निरोप अशा गोष्टीवर लिहायचा जी समोरच्याला बघावीच लागते! ऐकू येणाऱ्या संघांचे चांगले प्रशिक्षकही हे शिकवतात, मी वाचलंय. पण आपली पोरं ते शिकत नाहीत, कारण ओरडून भागतं.

आणि दुसरी गोष्ट मान. पास येण्याआधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं, बॉल निघाल्यावर पुन्हा एकदा. त्यांचा मधला आठ नंबर मी नंतर पाहिला, त्याची मान पंख्यासारखी फिरत होती. मला आधी वाटलं होतं, बिचारा घाबरलाय.

सगळ्यात अडचण गोलीची. संपूर्ण मैदान त्याच्यासमोर असतं, सगळ्यात जास्त त्याला दिसतं, आणि त्याच्याकडे मात्र कुणीच बघत नसतं, सगळ्या बॅकची पाठ त्याच्याकडे. आपल्याकडे क्रॉस आला की गोली ‘‘माझाऽऽ’’ म्हणून बोंबलतो आणि बॅक बाजूला होतात. इथे तसं करता येत नाही, आणि अंदाज चुकला तर गुडघा तोंडावर. म्हणून त्यांनी तो निर्णय सामन्याच्या आधीच घेऊन टाकलेला असतो: छोट्या डीमध्ये हवेतून आलेला प्रत्येक बॉल गोलीचा. नेहमीच. बॅकला कितीही सोपा दिसला तरी त्याने उडी मारायची नाही, आपल्या माणसाला अडवून धरायचं. छोट्या डीच्या बाहेरचा बॉल बॅकचा, तिथे गोलीने यायचं नाही. चुन्याची ती रेघच ओरडते. यात तोटाही आहे, कर्णधाराने तो लपवला नाही: कधीकधी गोली रेघेवर अडकलेला असतो आणि बॅक मोकळा असूनही बॉल सोडतो, आणि गोल जातो. पण डोकी फुटण्यापेक्षा गोल गेलेला बरा, असं तो म्हणाला.

कोच? त्याचं ओरडणं तर बाद. त्याला काही सांगायचं असेल तर तो जवळच्या विंगरला सांगतो, विंगर आतल्याला, आतला पलीकडच्याला. हाफ बदलला की जवळचा विंगर बदलतो, म्हणून सगळ्यात शहाणा पोरगा आधी कुठल्या बाजूला खेळवायचा याचाही ते विचार करतात. मैदानावर निरोप्याची जागा!

आता मला सुचलेली शंका. समोरचा संघही तीच भाषा जाणतो. मग तुमचं सगळं उघडच की! कॉर्नरला तुम्ही काय ठरवताय ते सांगलीवाले आरामात वाचतील. तो इतका हसला की बाईंना भाषांतर करावं लागलं नाही. म्हणून तर पाठ, तो म्हणाला. कॉर्नरच्या वेळी दोघंजण भिंतीसारखे उभे राहतात आणि मागे पोटाशी हात धरून तिसरा खूण करतो. शिवाय प्रत्येक संघाच्या चार-पाच खुणा अशा असतात की ज्यांचा अर्थ भाषेत एक आणि संघात दुसरा. अमेरिकेत १८९० च्या दशकात गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात हीच पंचाईत झाली होती. तिथला पॉल हबर्ड हा त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक. दुसऱ्या कर्णबधिर संघांनी आपल्या खुणा वाचू नयेत म्हणून त्याने आपल्या खेळाडूंना गोल कोंडाळ्यात उभं केलं, असं सांगतात. त्या खेळातलं ते कोंडाळं आज टीव्हीवर सगळे बघतात, आणि ऐकू येणारेच जास्त वापरतात.

दुसऱ्या हाफमध्ये माझी खरी परीक्षा झाली. पासष्टाव्या मिनिटाला सांगलीच्या स्ट्रायकरला सहा नंबरने मागून खेचलं, पण तो पडला नाही, बॉल पुढच्याच्या पायात गेला. ॲडव्हान्टेज! नेहमी मी दोन्ही हात पुढे करून ‘‘खेळा’’ ओरडतो. इथे दोन्ही हात उचलले असते तर झेंडा वर गेला असता आणि गोलची संधी मीच मारली असती. नियमात एका हाताची खूणही चालते. मी झेंडा मांडीला दाबला आणि रिकामा उजवा हात पुढे फिरवला. खेळ चालू राहिला, शॉट बाहेर गेला. संधी साधली नाही तर काही सेकंदांत मागे येऊन मूळ फाउल देता येतो. पण इथे तेही अवघड, कारण तोवर सगळे तीस मीटर पुढे धावलेले, आणि त्यांना मागे बोलवायला आवाज नाही. शॉट मारायला मिळाला, संधी मिळालीच, म्हणून मी गोलकिकच दिली. स्ट्रायकरला फाउल मी पाहिला हेच कळलं नव्हतं, तो पाठमोरा धावला होता. तो आला तणतणत.

मी त्याला समजावायला लागलो, नीट, सावकाश, मोठ्या आवाजात. (मोठ्या आवाजात! काय उपयोग होता?) तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि कपाळावर आठ्या. रेघेवरून बाई दोन्ही हातांनी मला वळा, वळा करत होत्या. नंतर कळलं: सूर्य माझ्या पाठीशी होता, त्याला माझा चेहरा नुसता काळा ठिपका दिसत होता. कर्णबधिर खेळाडूशी बोलताना पंचाने ऊन स्वतःच्या तोंडावर घ्यायचं. शिट्टी ओठांतून काढायची. मागून खांद्यावर हात टाकायचा नाही, समोर जाऊन नजरेत यायचं. आणि मिशा? बाई फार सभ्य आहेत, त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘सर, तुमचे निम्मे शब्द मिशीत राहतात.’’ ओठ वाचणाऱ्याला मिशी म्हणजे भिंत. कोल्हापुरी मिशीबद्दल असं कुणी पहिल्यांदाच बोललं असेल.

एका बाबतीत मी साफ हरलो. सत्तराव्या मिनिटाला सांगलीचा कर्णधार माझ्याकडे आला, समोरच्याने घाणेरडी शिवी दिली म्हणून. हातांनी दिली होती. मी त्याच वेळी तिकडेच बघत होतो! दोन बोटं हलली हे पाहिलंही होतं. पण तिचा अर्थ मला माहीत नव्हता. नियमात अपमानकारक शब्दाला आणि कृतीला सारखीच शिक्षा आहे, थेट लाल. पण न कळलेल्या गोष्टीवर कार्ड कसं काढू? आणि बाईंना विचारून काढलं तर पंच मी की बाई? दोघांना समोरासमोर उभं करून ताकीद दिली आणि पुढे निघालो. ज्याला ही भाषा येते असा पंच असता तर तो खेळाडू बाहेर गेला असता, याबद्दल मला शंका नाही. आता मी रविवारी बाईंकडे खुणा शिकायला जातो. शिव्यांपासून सुरुवात करू का, विचारलं, तर नाही म्हणाल्या.

घरी येऊन मी जे मिळेल ते बघत बसलो. १९२४ साली पॅरिसमध्ये कर्णबधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळ झाले, आणि त्यात फुटबॉल होता! शंभर वर्षं झाली आणि मला आत्ता कळतंय. १ जून २०२४ ला कोलोरॅडोतल्या कॉमर्स सिटीत अमेरिकेच्या कर्णबधिर महिला संघाने ऑस्ट्रेलियाला १२–० असं हरवलं, आणि तो सामना टीव्हीवर दाखवला गेला. आणि कार्डांचं तर बघा. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या रात्तीनला बाहेर काढलं, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रात्तीन जाईना. त्या गोंधळावर विचार करता करता इंग्लिश पंच केन ॲस्टनला लंडनच्या सिग्नलचे दिवे दिसले आणि पिवळं-लाल कार्ड सुचलं. १९७० पासून ते आलं. म्हणजे आवाजाने जिथे हात टेकले तिथे फुटबॉलने आधीच डोळ्याचा आधार घेतला होता. खिशातली ती दोन कार्डं मी अठरा वर्षं वागवतोय, आणि त्यांचं असं नातं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

सामना २–२ सुटला. शेवटची शिट्टी मी वाजवलीच नाही, नुसता झेंडा धरला, लाइनमननी धरला, पोरांनी हात वर केले. मग कडेला बसलेल्या आयाबापांनी आणि मित्रांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंजे थरथरवले. ती त्यांची टाळी. तीसेक माणसं होती, पण इतक्या टाळ्या मी शाहू स्टेडियममध्येही पाहिल्या नाहीत.

पुढच्या रविवारी नेहमीचा सामना, दोन तालमींचा, गॅलरी खच्चून भरलेली. दहाव्या मिनिटाला फाउल झाला, मी शिट्टी मारली, सगळे जागच्या जागी थांबले. आणि माझा डावा हात, रिकामा, आपोआप ताठ वर. तसाच राहिला. क्षणभर स्टेडियम गप्प झालं आणि मग वरून कुणीतरी ओरडलं,

‘‘सर, झेंडा घरी इसरला काय?’’